मेलला नंबर हवा आणि नंबरला मेल: ही कोंडी कुठून फोडावी

प्रश्न: लोकलमध्ये फोन हरवला. त्यात ई-सिम होते. ॲपवरून नवे ई-सिम मागितले तर क्यूआर कोड नोंदणीकृत मेलवरच येतो, आणि जीमेल उघडायला ओटीपी त्याच हरवलेल्या नंबरवर जातो. आता सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात नंबरच्या बाजूने करावी. जीमेलच्या मोफत खात्यासाठी आपण जाऊन उभे राहावे असा काउंटर कुठेही नाही. मोबाइल क्रमांक मात्र आपल्या ओळखपत्रावर नोंदलेला असतो, त्यामुळे मेल किंवा ओटीपी नसतानाही समोर बसलेल्या माणसाकडून ओळख पटवून तो परत मिळवता येतो.

आधी दुसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला कॉल करून पाहावा. फोन बंद असल्याची सूचना ऐकू आली, तर क्रमांक बहुधा अजून आपलाच आहे. क्रमांक अस्तित्वात नसल्याचे सांगितले गेले, तर मोबाइल कंपनीच्या दालनात पोहोचल्यावर पहिला प्रश्न तोच विचारावा. आणि अनोळखी माणसाने फोन उचलला, तर क्रमांक दुसऱ्याला दिला गेला असण्याची शक्यता असते व पुढचा मार्ग बदलतो.

क्रमांक आपला असल्यास रेल्वे पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत आणि मूळ आधार कार्ड घेऊन कंपनीच्या स्वतःच्या दालनात जावे. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात वेळ घालवू नये. दालनात ई-सिम न मागता प्लास्टिकचे सिम मागावे, कारण ते हातात मिळते आणि मेलचा संबंधच उरत नाही. कनेक्शन वडिलांच्या किंवा कार्यालयाच्या नावावर असेल, तर मात्र आपल्या आधारने काम होत नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच पुढे करावे लागते. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

नवे सिम सुरू झाले की लगेच जीमेलकडे धावू नये. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्या क्रमांकावर एसएमएसची ये-जा बंद ठेवली जाते. ही फसवणूक रोखण्यासाठी केलेली सोय आहे. कॉल लागतात आणि ओटीपी तेवढा येत नाही, म्हणून लोक पुन्हापुन्हा मागणी करतात आणि जीमेल ‘बरेच प्रयत्न झाले’ म्हणून काही काळ दार लावून घेते.

दुसऱ्या दिवशी पूर्वी मेल उघडत असलेल्या लॅपटॉपवरून, घरच्याच वाय-फायवर, `g.co/recover` उघडावे. उपकरण आणि जागा ओळखीची असणे गूगल जमेस धरते. क्रमांक दुसऱ्याकडे गेला असेल तेव्हा तर मुख्य भिस्त यावरच असते. त्या अनोळखी माणसाकडे ओटीपी मागण्याचा विचारही करू नये.

खाते उघडताच सुरक्षा विभागातून आठ-आठ अंकी दहा बॅकअप कोड काढून कागदावर छापावेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि त्याला फोन लागत नाही.