‘परतफेड’ आणि ‘हप्ता’

प्रश्न : परीक्षेत कर्जाच्या तक्त्यात ‘परतफेड’ असा रकाना होता. मी त्यात अख्खा हप्ता लिहिला आणि गुण गेले. परतफेड म्हणजे हप्ताच ना? आणि ‘अमॉर्टायझेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

बोलताना दोन्ही एकच, तक्त्यात मात्र नाही. खरा दोष रकान्याच्या नावाचा आहे; तिथे ‘मुद्दलफेड’ लिहायला हवं होतं.

‘फेडणे’चं अकर्मक रूप ‘फिटणे’. कर्ज फिटतं ते मुद्दल कमी होतं तेव्हाच. व्याज आपण भरतो, पण त्याने कर्जाचा एक पैसाही फिटत नाही. ‘हप्ता’ या शब्दाचा तर फेडण्याशी मुळात संबंधच नाही. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून आठवडा. आज आपण वर्षातून एकदा भरायच्या रकमेलाही हप्ताच म्हणतो.

आता 33,100चं कर्ज घ्या. व्याजदर 10 टक्के, वर्षअखेरीस भरायचे 3 समान हप्ते. हप्ता येतो 13,310. पहिल्या वर्षाचं व्याज 3,310. ते हप्त्यातून वजा केलं की मुद्दलफेड 10,000 आणि शिल्लक 23,100. दुसऱ्या वर्षी व्याज या शिलकेवर, म्हणजे 2,310. हप्ता तोच, म्हणून मुद्दलफेड 11,000 आणि शिल्लक 12,100. तिसऱ्या वर्षी व्याज 1,210, मुद्दलफेड 12,100, शिल्लक शून्य.

मुद्दलफेडीचे आकडे बघा : 10,000, 11,000, 12,100. दरवर्षी बरोबर 10 टक्क्यांनी वाढतात, कारण जेवढं व्याज वाचलं तेवढंच मुद्दलाकडे वळलं. तक्ता बरोबर आहे का, हे ताडायची मला ही सगळ्यात आवडती खूण. मूळ रकमेवरच दरवर्षी 3,310 व्याज लावलंत, तर मुद्दलफेड तिन्ही वर्षं 10,000च राहते आणि शेवटी 3,100 फिटायचे राहतात.

प्रश्नात वार्षिकीचा गुणक 2.487 दिला असेल, तर भागाकार करून हप्ता 13,309 येतो. मग तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक 12,102 दिसते. तिच्यावर पुन्हा 10 टक्के काढत बसू नका. हप्त्यातून शिल्लक वजा करा आणि उरलेले 1,207 व्याज म्हणून लिहा. हा 3चा फरक पूर्णांकनाचा आहे. तो शेकड्यांत गेला, तर मात्र वर कुठेतरी चूक आहे.

राहिला ‘अमॉर्टायझेशन’. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला मृत्यूवाचक शब्द आहे, म्हणजे कर्ज हळूहळू संपवणं. मराठीत मी ‘कर्जफेडीचा तक्ता’ म्हणेन. रकाने मात्र चार : हप्ता, व्याज, मुद्दलफेड, शिल्लक. ‘परतफेड’ हा शब्द मी त्यात कुठेच ठेवणार नाही.