रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८० घेताना कीबोर्ड, बॅटरी आणि पोर्ट कसे तपासावेत?

प्रश्न: मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा आहे. लॅमिंग्टन रोडवर रिफर्बिश्ड लेनोवो थिंकपॅड टी४८० दाखवला. दुकानदार म्हणतो, "कंपनीचा माल आहे, नव्यापेक्षा जास्त टिकेल." एवढा जुना लॅपटॉप खरंच टिकतो का? दुकानात अर्धा-पाऊण तास मिळेल, तेवढ्यात काय काय बघू?

उत्तर:

टिकतो, पण सगळेच नग सारखे नसतात. टी४८० हे २०१८ चं मॉडेल आहे. आधी प्रोसेसर बघून घ्या. टी४७० बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो, पण त्यात सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. टी४८० मध्ये बहुतेक वेळा आठव्या पिढीचा असतो, उदाहरणार्थ i5-8250U किंवा i5-8350U, आणि तो यादीत आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे हा फरक आता महत्त्वाचा झालाय.

हे लॅपटॉप टिकतात कारण ते उघडून दुरुस्त करता येतील असे बनवलेले असतात. कंपन्या ते शेकड्याने घेतात आणि तीन-चार वर्षं वापरून एकदम काढून टाकतात. त्या काळात एखादा बिघडला तर आयटीवाल्याला तो तासाभरात चालू करून द्यावा लागतो. म्हणून टी४८० चं तळाचं झाकण साध्या स्क्रूंवर आहे, दोन्ही स्लॉटमधली रॅम बदलता येते, एसएसडी सोल्डर केलेली नाही, आणि कोणता भाग कसा काढायचा याचं सचित्र मॅन्युअल लेनोवोने सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. एकसारखे लॅपटॉप मोठ्या संख्येने विकले गेल्यामुळे सुटे भागही सहज मिळतात. मात्र जो भाग मदरबोर्डला सोल्डर केलेला आहे त्याला हे लागू होत नाही. तपासताना वेळ कुठे घालवायचा हे त्यावरून ठरवा: कीबोर्ड आणि बॅटरी बदलता येतात, टाइप-सी पोर्ट सोल्डर केलेले आहेत.

बॅटरीपासून सुरुवात करा, कारण तिच्या आकड्यांवरून लॅपटॉप कसा वापरला गेला ते कळतं. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. आतली २४ वॉट-अवरची, आणि मागून खटके सरकवून निघणारी दुसरी. ही बाहेरची २४, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची असते. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

रिपोर्ट कुठे सेव्ह झाला ते तिथेच दिसेल. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की दोन्ही बॅटऱ्यांचे वेगळे रकाने दिसतात. DESIGN CAPACITY म्हणजे नवीन असतानाची क्षमता, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची, आणि CYCLE COUNT म्हणजे चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं.

समजा आतली २४,००० वरून १७,५०० वर आलीय आणि बाहेरची २४,००० वरून ९,६०० वर. म्हणजे आतली ७३ टक्के शिल्लक, बाहेरची ४० टक्के. घाबरू नका, हे या मॉडेलला धरूनच आहे. चार्जर काढला की लॅपटॉप आधी बाहेरची बॅटरी वापरतो, ती संपत आली की आतल्या बॅटरीला हात लावतो. त्यामुळे झीज बाहेरच्या बॅटरीची जास्त होते. दोन्ही मिळून २७ वॉट-अवर उरलेत. ब्राउझर आणि वर्डसारख्या कामाला सात-आठ वॉट धरले तर साधारण साडेतीन तास. बाहेरची बदलून नवी ७२ वॉट-अवरची लावली तर बेरीज ८९ च्या वर जाते, म्हणजे त्याच वापरावर अकरा-बारा तास. ही मोठी बॅटरी खालून थोडी बाहेर येते आणि वजन वाढवते, पण दिवसभर कॉलेजमध्ये राहणाऱ्याला तीच बरी. बदलायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. म्हणून बाहेरची बॅटरी खराब निघाली तर तेवढी किंमत कमी करून मागा. तेवढ्यासाठी लॅपटॉप सोडू नका. रिपोर्टमध्ये नीट बघायची ती आतली. ती ६० टक्क्यांच्या खाली असेल तर तिच्याही बदलीचा खर्च धरा.

आवर्तनं कमी पण क्षमताही कमी, असं दिसलं तर लॅपटॉप बहुतेक वर्षानुवर्षं डेस्कवर चार्जरला लावून ठेवलेला होता. लिथियम बॅटरी नुसती १०० टक्क्यांवर आणि उष्णतेत ठेवली तरी म्हातारी होते. असा नग वाईट नाही. उलट त्याचा कीबोर्ड आणि बिजागऱ्या बऱ्याचदा कमी वापरलेल्या असतात. उलट प्रकार संशयास्पद: दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि आवर्तनं शून्य. बॅटरी खरोखर नवी असू शकते, किंवा तिची चिप रीसेट केलेली असू शकते. रिपोर्टवरून ते कळणार नाही, चालवूनच कळेल. चार्जर काढा, ब्राइटनेस निम्मा ठेवा, अर्धा तास व्हिडिओ चालू द्या आणि तेवढ्यात बाकीची तपासणी करा. वरच्या उदाहरणातला लॅपटॉप तेवढ्यात साधारण १५ ते २० टक्के उतरायला हवा, तोही सावकाश. ७० वरून एकदम ३० वर उडी मारली तर रिपोर्टमधल्या आकड्याला अर्थ नाही.

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून टचपॅडही दाबून बघा. आतली बॅटरी तळहात टेकतात त्या भागाखाली असते. ती फुगली तर टचपॅड वर उचललं जातं किंवा क्लिक कडक होतो. फुगलेली बॅटरी दुकानातच बदलून घ्या, तशी घरी नेऊ नका.

आता कीबोर्ड. नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दाबा, एफ-१ पासून खालच्या बाणांपर्यंत, दोन्ही शिफ्ट आणि दोन्ही कंट्रोल मात्र एखाद्या अक्षराबरोबर दाबून. एकच बटण चालत नसेल तर बहुधा त्याच्याखालची रबरी टोपी किंवा कात्रीच्या आकाराची पट्टी बिघडलेली असते. पण चार-पाच बटणं एकत्र मेली असतील, किंवा एक दाबलं की दोन अक्षरं उमटत असतील, तर कारण वेगळं. कीबोर्डच्या आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि एका रेषेवर बरीच बटणं असतात. चहा-कॉफी सांडून एक रेष गंजली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम बिघडतात. टी४८० च्या कीबोर्डवर सांडलेलं पाणी आत जाऊ नये अशी सोय आहे, पण ती थोड्या पाण्यासाठी. अशी लक्षणं दिसली तर तळाचं झाकण उघडायला सांगा आणि मदरबोर्डवर हिरवट-पांढरा थर आहे का बघा. थर असेल तर नवा कीबोर्ड लावूनही उपयोग नाही, तो नग सोडा. बोर्ड स्वच्छ असेल तर कीबोर्ड बदलता येतो, त्यासाठी मदरबोर्ड काढावा लागत नाही.

फंक्शन आणि स्पेसबार एकत्र दाबून बॅकलाइट बघा. काही नगांना ती मुळातच नसते, आणि काहींना स्वस्तातला बिनलाइटचा कीबोर्ड बसवलेला असतो. एंटर बटण उभं, उलट्या एल आकाराचं असेल तर माल युरोपातून आलेला आहे आणि अक्षरांवर स्टिकर चिकटवलेले असू शकतात. टायपिंग चालतं, पण कोड लिहिणाऱ्याला कंस आणि बॅकस्लॅश दुसऱ्या जागी सापडतात, आणि स्टिकर काही महिन्यांत निघायला लागतात. शेवटी मधल्या लाल बिंदूला हात न लावता दहा-वीस सेकंद थांबा. कर्सर आपोआप सरकत राहिला तर ट्रॅकपॉइंट खराब आहे. तो कीबोर्डचाच भाग असल्याने बदलला तर दोन्ही एकत्र बदलतात.

आता पोर्ट. अर्ध्याहून जास्त वेळ इथे द्या. डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत. चार्जिंगसाठी गोल पिनची वेगळी जागा नाही, म्हणजे हे पोर्ट गेले की लॅपटॉप चार्जच होणार नाही. चार्जर दोन्ही पोर्टमध्ये लावून बघा, आणि प्रत्येक पोर्टमध्ये पिन उलटीसुलटी करूनही. टाइप-सी मध्ये चार्जर ओळखणाऱ्या दोन पिना असतात, प्रत्येक बाजूला एक. एक खराब असेल तर एका बाजूने लावल्यावर चार्ज होतं, उलट लावल्यावर होत नाही. दुकानदार नेहमी चालणाऱ्या बाजूनेच लावून दाखवेल. चार्जिंग चालू असताना केबल हळूच वरखाली हलवा. चार्जिंगची खूण जाऊन परत येत असेल तर बहुधा सोल्डर तडकलंय. चार्जर ६५ वॉटचा, २० व्होल्टचा असावा, नाहीतर चाचणीचा निष्कर्ष चुकेल.

या मॉडेलचा एक दोष सगळ्यांना माहीत असायला हवा. दोनपैकी एक पोर्ट थंडरबोल्ट ३ आहे, म्हणजे जास्त वेगाचा. त्याचं सुरुवातीचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आपल्या चिपमध्ये वाजवीपेक्षा जास्त वेळा लिहीत राहायचं आणि शेवटी थंडरबोल्ट कंट्रोलर बंद पडायचा. लेनोवोने त्यावर सुधारित फर्मवेअर काढलं. पण ज्या लॅपटॉपवर ते कधी टाकलंच नाही ते अजून बाजारात आहेत. लक्षणं फसवी असतात: टाइप-सीवरून चार्जिंग होत नाही, डॉक ओळखला जात नाही, आणि एचडीएमआय पोर्ट वेगळा असूनही त्यावर चित्र येत नाही. म्हणून दुकानातल्या मॉनिटरला एचडीएमआय केबल लावून बघाच. चित्र नाही आलं आणि केबल दुसऱ्या लॅपटॉपवर चालली, तर केबल किंवा ड्रायव्हरची सबब ऐकू नका. तो दोष एकदा आला की चिप पुन्हा लिहावी लागते किंवा बोर्डच बदलावा लागतो. सगळं चालत असेल तर घरी नेल्याच्या दिवशीच लेनोवोच्या साइटवरून टी४८० साठीचं थंडरबोल्ट फर्मवेअर अपडेट टाका, चार्जर लावून आणि मध्ये बंद न करता.

उजवीकडच्या दोन यूएसबीमध्ये यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह लावून दोन-तीन जीबीची फाइल लॅपटॉपवर कॉपी करा. तोच पेनड्राइव्ह एका पोर्टवर शंभरच्या वर एमबीचा वेग देत असेल आणि दुसऱ्यावर ४० च्या आत अडकत असेल, तर त्या दुसऱ्या पोर्टच्या यूएसबी ३ च्या पिना गेल्यात. माउससाठी तो चालेल, किंमत मात्र कमी करून घ्या. हेडफोन आणि लॅन एकेक मिनिटात होतात.

पैसे देण्याआधी दोन कुलुपं बघा. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये जा. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर नग परत द्या. बॅटरी काढून ठेवली तरी तो जात नाही. मग मोबाइलचं इंटरनेट जोडून विंडोज रीसेट करायला लावा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलं लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप कंपनीच्या यादीतून अजून काढलेला नाही आणि प्रत्येक रीसेटनंतर तेच होणार. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो तळाच्या स्टिकरशी व बायोसमधल्या नंबरशी जुळवा. वॉरंटीत मदरबोर्ड आणि टाइप-सी पोर्ट धरलेत असं बिलावरच लिहून मागा.