कान कोरडा झाला, तरी ऑपरेशन कशासाठी?

प्रश्न: आईच्या उजव्या कानातून बरीच वर्षं घाण वासाचा पू येतो, ऐकूही कमी येतं, पण दुखत नाही. डॉक्टर म्हणाले कोलेस्टिॲटोमा आहे, ऑपरेशन करा. आता थेंबांनी कान वाहायचा थांबलाय. तरी ऑपरेशन करावंच लागेल का?

उत्तर: मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. आईंचा कान मी पाहिलेला नाही, पण निदान बरोबर असेल तर ऑपरेशन करून घ्या, असंच मी सांगेन. थेंबांनी जंतू कमी झालेत. मूळ आजार जंतूंचा नाही, चुकीच्या जागी वाढणाऱ्या कातडीचा आहे, आणि ती अजून आतच आहे.

पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. नाकाच्या मागून येणाऱ्या बारीक नळीतून तिथे हवा पोचते. ही नळी वर्षानुवर्षं नीट उघडली नाही, की पोकळीतला दाब कमी राहतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन तिथे खिसा तयार होतो. कातडीच्या मेलेल्या पेशी रोज सुटत असतात. एरवी त्या कानातून आपोआप बाहेर सरकतात. या खिशाचं तोंड मात्र अरुंद असतं, म्हणून त्या आतच कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरावर थर साचतात. त्यात ओल शिरली की जंतू माजतात आणि तो वास येतो. पडद्याला साधं भोक असलेला कानही वाहतो, पण तो स्राव चिकट, भरपूर आणि बहुतेकदा बिनवासाचा असतो. थोडाच पण कुजका वास येणारा पू दिसला, की आम्ही वरच्या भागात हा खिसा शोधतो.

हा कॅन्सर नाही. पण वाढताना तो शेजारचं हाड झिजवतो. ऐकण्याच्या साखळीतल्या तीन हाडांपैकी मधल्या ऐरणीचं नाजूक टोक सहसा आधी जातं, म्हणून ऐकू कमी येतं. त्याच्या आसपास तोल सांभाळणाऱ्या नलिका आहेत, चेहऱ्याची नस आहे, आणि वर मेंदू व कान यांच्यामध्ये हाडाचा पातळसा पडदा आहे. हाड झिजताना बहुधा दुखत नाही. त्यामुळेच लोक वर्षानुवर्षं थेंबांवर आणि तेलावर काढतात.

एका शिक्षिकेचं उदाहरण देतो. कान वाहिला की थेंब घालायच्या, की पुढचे काही महिने तो कोरडा. माझ्याकडे त्या आल्या ते चक्कर येते म्हणून. कानासमोरचा छोटा उंचवटा दाबला की खोली फिरायची. सीटी स्कॅनमध्ये तोल सांभाळणाऱ्या एका नलिकेच्या हाडाला भोक पडलेलं दिसलं. ऑपरेशनमध्ये त्या भोकावरची कातडी अलगद सोडवून तिथे स्नायूवरच्या आवरणाचा तुकडा लावला. चक्कर गेली, कान कोरडा राहिला. गेलेलं ऐकू येणं मात्र पूर्ण परतलं नाही, त्या कानाला आता मशीन लागतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीखाली होतं. कानामागचं हाड ड्रिलने कोरून खिसा मुळासकट काढतात. कानाच्या नळीची मागची भिंत ठेवली तर कानाची रचना नेहमीसारखी राहते, पण तिच्याआड थोडी कातडी उरून पुन्हा वाढू शकते. म्हणून साधारण वर्षभराने पुन्हा उघडून पाहतात किंवा खास एमआरआय करतात. भिंत काढली तर आतलं सगळं तपासताना दिसतं, आजार परतण्याची शक्यता कमी होते, पण मोठी पोकळी उरते. ती ठरावीक काळाने साफ करून घ्यावी लागते आणि पाण्यापासून जपावी लागते. आजार किती पसरलाय आणि आईंना नियमित तपासणीला येणं जमेल का, यावर हा निर्णय ठरतो. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ऐकू येणं सुधारेलच असं समजू नका. कधीकधी हा गोळाच झिजलेल्या हाडांमधली जागा भरून आवाज पुढे पोचवत असतो, म्हणून तो काढल्यावर आणखी कमी ऐकू येतं. हाडांची साखळी नंतर दुरुस्त करता येते. चेहऱ्याच्या नसेला इजा होणं किंवा त्या कानाचं ऐकणं पूर्ण जाणं, हे धोके अनुभवी हातात कमी असले तरी असतात. जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलू शकते.

वय फार असेल, भूल झेपणार नसेल किंवा ऐकू येणारा तोच एक कान उरला असेल, तर आम्हीही कधी थांबतो आणि दर काही महिन्यांनी दुर्बिणीखाली सक्शनने कान साफ करत राहतो.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नका, तेल घालू नका. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, गरगरायला लागलं, किंवा तापासोबत जोराचं डोकं दुखून उलट्या झाल्या, तर आईंना त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या.