x⁴ + 4 मधलं ते 4x² येतं कुठून?

प्रश्न: x⁴ + 4 चे अवयव पाडताना सरांनी मध्येच 4x² मिळवले आणि लगेच वजाही केले. हे 4x² त्यांना सुचले कसे? मी x⁴ + 1 ला तसेच करून पाहिले तर अडकलो.

उत्तर: 4x² सुचावं लागत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. x⁴ म्हणजे (x²)² आणि 4 म्हणजे 2². म्हणजे पूर्ण वर्गाची दोन्ही टोकं हातात आहेत, फक्त मधलं पद गायब आहे. (a + b)² च्या विस्तारात मधलं पद 2ab असतं. इथे a = x² आणि b = 2, म्हणून ते 2·x²·2 = 4x². ते आपण घालतो आणि किंमत बदलू नये म्हणून तेवढंच काढून घेतो:

```
x⁴ + 4 = (x⁴ + 4x² + 4) − 4x²
       = (x² + 2)² − (2x)²
       = (x² + 2x + 2)(x² − 2x + 2)
```

खरी मेख दुसऱ्या ओळीत आहे. पूर्ण वर्ग तयार होणं हे अर्धंच काम. आपण जे वजा केलं तेही कशाचा तरी वर्ग असायला हवं, तरच दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लागतं. 4x² हा 2x चा वर्ग आहे, म्हणून इथे जमलं. मधलं पद −4x² घेतलं असतं तरी पूर्ण वर्ग झाला असता, पण मग (x² − 2)² + (2x)² उरतं. ती वर्गांची बेरीज आहे, तिथून पुढे जाता येत नाही.

मी शिकवतो तेव्हा बहुतेक वह्यांत एकच चूक सापडते. 4x² चं वर्गमूळ काढायचं राहून जातं आणि कंसात 2x ऐवजी 4x येतं. ती पकडायला x = 1 ठेवा. मूळ राशी 5 होते, बरोबर अवयव 5 × 1 देतात, चुकीचे 7 × (−1). x = 0 ठेवून मात्र पडताळू नका. दोन्हीकडे 4 च येतात आणि चूक लपून राहते.

आता तुमचं x⁴ + 1. मधलं पद 2x², म्हणजे (x² + 1)² − 2x². पण 2x² हा √2·x चा वर्ग आहे. अवयव पडतात, (x² + √2x + 1)(x² − √2x + 1) असे, फक्त सहगुणकांत √2 येतो. तुम्ही अडकलात ते पूर्णांक शोधत होतात म्हणून. x⁴ + m² साठी वजा होणारं पद 2mx² असतं. ते पूर्णांकी राशीचा वर्ग व्हायला 2m पूर्ण वर्ग हवा, म्हणजे m = 2, 8, 18 असं काही. म्हणून x⁴ + 64 चे अवयव छान पडतात, पण दिसायला तितकंच साधं असलेल्या x⁴ + 16 चे पूर्णांकांत पडत नाहीत. हेच दोन चलांत मांडलं की a⁴ + 4b⁴ चं सूत्र मिळतं. ते फ्रेंच गणिती सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ओळखलं जातं.

या अवयवांचा मला सर्वांत आवडणारा उपयोग संख्यांमध्ये आहे. ५०६२९ ही संख्या मूळ आहे का? २, ३, ५, ७ ने भाग जात नाही, ११ आणि १३ नेही नाही. असंच मूळ संख्यांनी एकेक करून भागत गेलात तर चव्वेचाळीस वेळा हात रिकामा राहतो. पण ५०६२९ म्हणजे 15⁴ + 4 हे ओळखलं, तर x = 15 ठेवायचा अवकाश:

```
15² + 2·15 + 2 = 257
15² − 2·15 + 2 = 197
257 × 197 = 50629
```

२५७ आणि १९७ दोन्ही मूळ आहेत, म्हणून लहान भाजक सापडतच नव्हता.

मग n⁴ + 4 कधीतरी मूळ संख्या होईल का? त्यासाठी दोनपैकी एक अवयव 1 व्हायला हवा. लहान अवयव n² − 2n + 2 आहे, तो (n − 1)² + 1 असा लिहून बघा. नैसर्गिक संख्यांत तो 1 होतो फक्त n = 1 ला, आणि तेव्हा राशीची किंमत 5 येते. त्यापुढे n कितीही मोठा घ्या, n⁴ + 4 ला अवयव असतातच.