‘आपण दोघं तपासणी करू या’ हे जोडीदाराला कसं सांगायचं?

“मॅडम, आमचं नातं आता आठ महिन्यांचं झालंय. तो म्हणतो, कंडोम बंद करू, तू गोळ्या सुरू कर. गोळ्यांना माझी ना नाही, पण त्याआधी लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांसाठी दोघांची तपासणी व्हावी असं मनापासून वाटतं. विषय काढला की ‘माझ्यावर संशय घेतेस का?’ असंच तो म्हणणार. त्याला न दुखवता बोलू कशी?”

तिने एकदा प्रयत्न करून पाहिला होता, तोही नको त्या वेळी, रात्री दोघं जवळ आल्यावर. तेव्हा ती नेमकं काय म्हणाली, ते मी तिला शब्दाला शब्द सांगायला लावलं. वाक्य होतं, “तू आधी कुणाकुणाबरोबर होतास? तुझी टेस्ट झालीय का?” तो उठून बसला आणि पुढचे दोन दिवस तुटक वागला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्या वाक्यात चौकशी फक्त त्याची होती आणि तपासणीही त्याचीच.

मी तिला विचारलं, “तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?” कधीच झाली नव्हती. तिचं आधीचं नातं दीड वर्षापूर्वी संपलं होतं, काही त्रास नव्हता, म्हणून आपल्याला काही नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं. बहुतेक जण असंच धरून चालतात. पण क्लॅमिडिया हा असाच एक संसर्ग, तो झालेल्या बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही, पुरुषांतही अनेकांना जाणवत नाही. गोनोरिया आणि एचआयव्ही यांचंही दीर्घकाळ लक्षण न दिसणं नवीन नाही. म्हणजे “मला काही नाही” असं जोडीदार अगदी प्रामाणिकपणे सांगेल आणि तरीही त्याला संसर्ग असेल. जे त्यालाच माहीत नाही, ते त्याला विचारून कसं कळणार? इथे त्याच्या खरेपणाचा प्रश्नच येत नाही. हे तिला पटलं आणि तिचं वाक्य आपोआप बदललं.

आम्ही मिळून जे वाक्य तयार केलं ते असं: “गोळ्या सुरू करायच्या आधी मी माझी तपासणी करून घेणार आहे, आजवर कधी केलेली नाही. तूही माझ्याबरोबर करशील का? दोघांचे रिपोर्ट येईपर्यंत कंडोम चालू ठेवू.” सुरुवात स्वतःपासून आहे. त्याच्या पूर्वायुष्याचा उल्लेख नाही, कारण तपासणीला त्या यादीची गरज नसते. आणि शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: मधल्या काळात काय करायचं हे आधीच ठरलं, की ऐनवेळी वाद घालावा लागत नाही.

मग मी ‘तो’ झाले आणि म्हणाले, “म्हणजे विश्वास नाही तुझा.” ती लगेच स्पष्टीकरण द्यायला लागली, माफीही मागून झाली. मी तिला थांबवलं. लांबलेलं स्पष्टीकरण समोरच्याला सारवासारव वाटतं. दोन-तीन वेळा म्हणून पाहिल्यावर तिचं उत्तर इतकंच उरलं: “विश्वास आहे. पण हे आपल्याला न कळता असू शकतं, मलाही.” एवढं बोलून गप्प राहायचं, त्याला विचार करायला वेळ द्यायचा. वेळ दिवसाची, कपड्यांत, भांडण नसताना. चालता चालता बोलणं बरं, एकमेकांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

गोळ्यांबद्दलही एक गोष्ट मी तिला स्पष्ट करून घ्यायला लावली. गोळी गर्भधारणा टाळते, संसर्गापासून काहीच संरक्षण देत नाही. रोज आठवणीने घ्यायची ती तिला आणि दुष्परिणाम सोसायचे तेही तिला. तेव्हा “तू गोळ्या सुरू कर” यावर “बघू, आधी डॉक्टरांशी बोलते, तूही ये” हे उत्तर अगदी योग्य आहे. रक्तदाब जास्त असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, तर नेहमीच्या एकत्रित हार्मोनच्या गोळ्या टाळायच्या असतात आणि कॉपर-टी सारखा पर्याय पाहायचा असतो.

तो तयार झाला. थोडा वेळ घेतला, पण झाला. एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांसाठी दोघांनी रक्त दिलं. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी तिने योनीतला स्वॅब स्वतःच घेऊन दिला, त्याने लघवीचा नमुना दिला. पुरुषाने आधीचा तासभर लघवी न करता, पहिल्या धारेचा नमुना द्यायचा असतो, हे अनेकांना कुणी सांगतच नाही. काळाचाही हिशोब असतो. शिरेतून घेतलेल्या रक्तावरची, प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी एचआयव्ही पकडते ती संपर्कानंतर 18 ते 45 दिवसांत. बोटातून रक्त घेऊन करायच्या बऱ्याच झटपट चाचण्यांना 90 दिवसही लागू शकतात. या दोघांची आधीची नाती केव्हाच संपलेली होती, त्यामुळे अडचण नव्हती. पण जुना संपर्क तीन आठवड्यांपूर्वीचा असता, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून चाललं नसतं, पुन्हा तपासावं लागलं असतं.

तिचा क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. त्याचं सगळं निगेटिव्ह.

त्याला सांगण्याआधी ती माझ्याकडे आली, हातात रिपोर्टचा कागद, घडी घालून घालून चुरगळलेला. “आता संशय माझ्यावर,” ती म्हणाली. मी तिला जे खरं आहे तेच सांगितलं: क्लॅमिडिया उपचाराविना महिनोन् महिने, कधी वर्षभराहूनही जास्त शरीरात राहू शकतो. संसर्ग कधी झाला, कुणाकडून झाला, हे रिपोर्ट सांगत नाही. म्हणून फसवणुकीचा पुरावा म्हणून तो कुणीच वापरू नये, ना त्याने, ना तिने.

त्याच संध्याकाळी तिने त्याला सांगितलं: “माझा क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आहे. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. आपण काही वेळा कंडोमशिवाय जवळ आलो होतो, म्हणून डॉक्टरांनी तुलाही बोलावलंय.” त्याने विचारलंच, “कुणाकडून?” ती म्हणाली, “कळायला मार्ग नाही. बहुतेक आधीच्या नात्यातून, मला कधी जाणवलंच नाही.” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मी नको म्हटलं असतं, तर कळलंच नसतं.”

ती गरोदर नाही याची खात्री करून डॉक्टरांनी तिला डॉक्सिसायक्लिन दिलं, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. निगेटिव्ह असूनही त्यालाही तेच दिलं, कारण गेल्या दोन महिन्यांत ज्याच्याशी संबंध आला त्या जोडीदारावरही उपचार करायचे असतात, नाहीतर संसर्ग एकमेकांत फिरत राहतो. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध पूर्ण बंद. सुमारे तीन महिन्यांनी फेरतपासणी, ती तिने केली आणि निगेटिव्ह आली. कंडोम त्यानंतरच थांबवले, गोळ्या नीट सुरू असताना.

जिथे विषय काढल्यावर जोडीदार धमकावतो, हात उगारतो, न सांगता कंडोम काढतो, तिथे मात्र ही वाक्यं वापरू नका. तिथे त्याला पटवण्याची जबाबदारी तुमची नाही. एकटीने जाऊन तपासणी करून घ्या. त्याला कळू न देता घेता येण्यासारखं गर्भनिरोधक, उदाहरणार्थ तीन महिन्यांचं इंजेक्शन, याबद्दल डॉक्टरांना विचारा आणि घरी काय चाललंय ते त्यांना सांगा. कंडोमशिवाय संबंध होऊन 72 तास उलटले नसतील तर त्याच दिवशी जा. एचआयव्ही टाळणारी औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात, आणि गर्भधारणा टाळायची आपत्कालीन गोळी जितकी लवकर घ्याल तितकी जास्त उपयोगी पडते.