'महागाई' आणि 'भाववाढ' एक नव्हेत

प्रश्न: १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'स्टॅगफ्लेशन'साठी 'मुद्रास्फीतिजन्य मंदी' चालेल का? आणि फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या 'ड्युअल मँडेट'ला 'दुहेरी जनादेश' म्हणू का?

दोन्ही नकोत. स्टॅगफ्लेशन म्हणजे मंदी आणि भाववाढ एकाच वेळी येणे. त्यातही 'जन्य' तर मुळीच नको. जलजन्य आजार पाण्यातून होतो. त्याच न्यायाने ही मंदी भाववाढीच्या पोटी आली, असे तो शब्द सांगतो. प्रत्यक्षात तसे झाले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटल्यावर अरब देशांनी अमेरिकेचे तेल तोडले आणि उत्पादनही घटवले. सुमारे तीन डॉलरला मिळणारे पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेले. कारखान्यांचा इंधनाचा आणि वाहतुकीचा खर्च वाढला, म्हणून मालाच्या किमती चढल्या. त्याच वेळी लोकांचे जास्त पैसे पेट्रोलपंपावर जाऊ लागल्याने बाकीची खरेदी लांबली, माल पडून राहिला आणि कामगार घरी बसले. भाववाढ आणि बेकारी या इथे सख्ख्या बहिणी आहेत. पाठ्यपुस्तकवाले एकीला दुसरीची आई ठरवून मोकळे होतात.

तुम्ही 'मंदीतली महागाई' लिहा, असे मी सहज म्हटले असते. सप्तमीतून आलेले ते '-तली' कारणाचा दावा करत नाही, दोन गोष्टी एकत्र नांदतात एवढेच सांगते. पण 'महागाई' शब्दापाशी मी अडतो. रोज कुठे ना कुठे 'महागाई घटली' असे वाचायला मिळते आणि ते चूक असते.

'महाग' आला संस्कृत 'महार्घ'वरून. महा अधिक अर्घ, आणि अर्घ म्हणजे मोल. पूजेतले 'अर्घ्य' याच कुळातले: ज्याचे मोल मोठे मानायचे त्याला अर्पण करायचे ते. 'महार्घ'चा 'महाग' झाला आणि त्याला '-आई' लागून 'महागाई' झाली. ही '-आई' स्थिती सांगते. 'स्वस्ताई', 'चतुराई' यांतली तीच. म्हणजे महागाई ही मोल मोठे असण्याची अवस्था. 'भाववाढ' ही क्रिया आहे, तिला वेग असतो. वर्षाला बारा टक्क्यांनी चढणारे भाव पाच टक्क्यांनी चढू लागले, तर भाववाढ मंदावली. महागाई तसूभरही घटली नाही, उलट पाच टक्क्यांनी वाढली. आपल्या भाषेने हा भेद दोन शब्दांत आयता ठेवला आहे. बोलण्यात दोन्ही एकच समजतात म्हणून कोशातही तसेच लिहावे, हे मला पटत नाही.

कारण मध्यवर्ती बँकेचा सारा पेच याच भेदावर उभा आहे. नेहमीच्या मंदीत मागणी आटते, भाव नरमतात आणि बेकारी वाढते. व्याजदर कमी केला की दोन्ही दुखण्यांवर एकच औषध लागू पडते. तेलाच्या धक्क्यात भाव आणि बेकारी दोन्ही चढतात. दर वाढवावा तर बेकारी आणखी वाढते, उतरवावा तर भावांना मोकळे रान मिळते. हातात व्याजदर एकच. मग बँकेने स्वतःला विचारायचे, हे तेल महागाई करणार की भाववाढ? तेल एकदा चढून वर थांबले, तर किमतींची पातळी एकदाच उंच होते आणि वर्षभराने तो धक्का वार्षिक दरातून आपोआप गळतो. अशी महागाई सोसून बेकारीकडे लक्ष देणे शहाणपणाचे. पण कामगारांनी वाढलेल्या खर्चाइतकी पगारवाढ घेतली, मालकांनी ती किमतींत घातली आणि पुढच्या करारात सर्वांनी तीच वाढ गृहीत धरली, तर तेल स्थिर असूनही भाव चालत राहतात. ओळखायचे कसे? पेट्रोलकडे पाहू नये. ज्यांत तेल फारसे नाही अशा गोष्टींचे, घरभाड्याचे, न्हाव्याचे दर पाहावेत, आणि पगाराचे करार. अडचण अशी की हे आकडे उशिरा बोलतात आणि निर्णय आधी घ्यावा लागतो.

आता तुमच्या लेखातला काळ घ्या. तेव्हा फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे फेडचे, अध्यक्ष आर्थर बर्न्स होते. १९७४ च्या उन्हाळ्यात बँकांच्या आपसातल्या उसनवारीचा व्याजदर त्यांनी तेरा टक्क्यांच्या आसपास नेला होता. ऑक्टोबर १९७३ मधली ४.६ टक्के बेकारी मे १९७५ मध्ये ९ टक्क्यांवर गेली आणि तोवर दर सव्वापाचाजवळ उतरवला होता. भाववाढीचा वेग १९७४ च्या अखेरीस बारा टक्क्यांवर होता, तो १९७६ अखेर पाचाच्या जवळ आला. 'महागाई आटोक्यात आली' असे वाटण्याजोगेच चित्र होते. पण धक्का ओसरल्यावरही वेग १९७२ च्या साडेतीन टक्क्यांच्या आसपासच्या पातळीला परतला नाही, तिथून पुन्हा चढू लागला आणि डिसेंबर १९७८ मध्ये नऊ टक्के झाला. इराणमधल्या क्रांतीनंतरची तेलाची मोठी दरवाढ तेव्हा अजून यायची होती. ते नऊ टक्के करारांत आणि अपेक्षांत मुरलेली भाववाढ होती. ती मोडायला फेडचे नंतरचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांना १९८१ मध्ये दर एकोणीस टक्क्यांवर न्यावा लागला आणि १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांना भिडली.

इथे 'चलनवाढ' शब्दाचे कैवारी पुढे येतील, त्यांच्याशीही माझे भांडण आहे. त्या शब्दात कारण आधीच ठरवून टाकले आहे: चलन वाढले म्हणून भाव वाढले. तेलबंदीच्या आदल्या महिन्यातच अमेरिकेतली भाववाढ सात टक्क्यांच्या वर होती आणि तिच्यामागे सैल पतधोरण होते, हे मला मान्य आहे. सगळे खापर तेलावर फोडता येत नाही. तरी तेलाने चढलेल्या किमतीला 'चलनवाढ' म्हणणे म्हणजे चौकशीआधीच निकाल देणे. बर्न्स यांचा कल उलट टोकाला होता. तेल, धान्य, कामगार संघटना अशा बाहेरच्या कारणांवर ते फार भर देत. दोन्ही बाजूंना वाव ठेवणारा शब्द 'भाववाढ' हाच. म्हणून 'मंदीतली भाववाढ' लिहा.

'स्टॅगफ्लेशन' हा मूळ इंग्रजी शब्द तेलसंकटातून जन्मला असे लेखात असेल, तर ते खोडा. ब्रिटिश खासदार इयन मॅक्लाउड यांनी तो नोव्हेंबर १९६५ मध्येच पार्लमेंटात वापरला होता, तेलबंदीच्या आठ वर्षे आधी.

राहिला 'जनादेश'. तो मतपेटीतून येतो. फेडला हे काम अमेरिकी काँग्रेसने कायद्याने नेमून दिले, म्हणून 'दुहेरी दायित्व' म्हणा. कायद्यात उद्दिष्टे खरे तर तीन आहेत: कमाल रोजगार, स्थिर किमती आणि माफक दीर्घकालीन व्याजदर, तिसरे पहिल्या दोहोंतून साधते असे मानून दोनच मोजतात. हा कायदा नोव्हेंबर १९७७ चा आहे. त्याआधी १९४६ चा रोजगार कायदा होता, पण तो एकूण सरकारला उद्देशून होता आणि त्याची भाषा सैल होती. तेव्हा १९७४-७५ च्या परिच्छेदांत बर्न्स यांच्या तोंडी 'दुहेरी दायित्व' घालू नका. तिथे 'रोजगार आणि भाव यांची ओढाताण' पुरे.