सरासरी त्रिज्येने मला फसवलं तेव्हा

फुलदाणीची त्रिज्या वेगवेगळ्या उंचीवर मोजून ठेवली आहे. तशीच फुलदाणी चाकावर करायची तर किती माती लागेल? सरासरी त्रिज्या घेऊन दंडगोलाचं सूत्र लावलं तर चालेल का?

नाही चालणार. मी हेच केलं होतं आणि हातात आली ती मानेपर्यंत पोचण्याआधीच माती संपलेली फुलदाणी.

एकाने भाजलेली फुलदाणी आणून दिली, 'हुबेहूब अशीच हवी' म्हणून. ती दुसऱ्याच मातीची होती, त्यामुळे तिच्या वजनावरून माझ्या मातीचा अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता. बाहेरून कच्च्या रंगाचं चित्र असल्याने पाण्यात बुडवूनही बघता येत नव्हतं. आतून मात्र ग्लेझ होतं, म्हणजे पाणी भरायला हरकत नव्हती.

उंची २४ सेंमी. बुडापासून दर ४ सेंमीवर कॅलिपरने व्यास घेतला आणि निम्मा केला. त्रिज्या आल्या ५, ७, ८, ७.५, ५.५, ४ आणि तोंडाशी पुन्हा ५ सेंमी. सरासरी बरोबर ६, म्हणून मी खूश. दंडगोलाचं घनफळ आलं २७१४ घन सेंमी. आत काठोकाठ पाणी मावलं २४२० मिली. वजाबाकी केली, माती फक्त २९४ घन सेंमी. त्या हिशेबाने गोळा घेतला, वर थोडी जास्तीची माती धरून एक किलोचा. पोट फुगवेपर्यंत भिंत कागदासारखी झाली आणि खांद्याशी बसली.

चूक कुठे होती? आडव्या कापाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर चालतं. ८ सेंमीच्या पोटातला काप ४ सेंमीच्या मानेतल्या कापाच्या दुप्पट नाही, चौपट असतो. साध्या सरासरीत दोघांना सारखाच मान मिळतो आणि पोटावर अन्याय होतो. म्हणून आधी वर्ग करायचे, बेरीज नंतर.

वर्ग आले २५, ४९, ६४, ५६.२५, ३०.२५, १६, २५. आता सिम्पसनचा नियम: दोन्ही टोकांचे वर्ग एकदा, मधले एकाआड एक चौपट आणि दुप्पट, मग बेरजेला दोन मापांमधल्या अंतराच्या, इथे ४ सेंमीच्या, एक तृतीयांशाने आणि π ने गुणायचं. यासाठी भागांची संख्या सम लागते, माझे सहा होते.

```
२५ + ४×४९ + २×६४ + ४×५६.२५ + २×३०.२५ + ४×१६ + २५ = ७२३.५
घनफळ = π × (४/३) × ७२३.५ ≈ ३०३१ घन सेंमी
```

३०३१ वजा २४२०, म्हणजे माती ६११ घन सेंमी. माझ्या आधीच्या उत्तराच्या दुपटीहून जास्त! एकूण घनफळात चूक होती जेमतेम दहा टक्के, पण माती ही दोन मोठ्या आकड्यांमधली लहानशी फट. सगळी चूक त्या फटीवर येऊन पडते. म्हणून मोजतानाही जपायचं: सगळ्या त्रिज्या एक मिलिमीटरने जास्त घेतल्या गेल्या तर या फुलदाणीत सुमारे ९० घन सेंमी माती उगाच वाढते. सूत्रापेक्षा कॅलिपर जास्त दगा देतो. प्रत्येक भागात दोन टोकांच्या वर्गांची सरासरी धरणाऱ्या साध्या समलंब पद्धतीनेही बाहेरचं घनफळ ३०२२ येतं, फरक नऊचाच. खांद्याला कोन असेल तर मात्र तिथे हिशेबाचे दोन तुकडे करा. बूड खालून पोकळ असेल तर ती पोकळी वेगळी वजा करा.

पडताळा सोपा आहे. भिंत ठिकठिकाणी ६ मिमी आणि तळ १ सेंमी जाड भरला. भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, त्यात तळ मिळवला, तर आकडा ६०० च्या आसपास येतो. २९४ खरं असतं तर भिंत निम्म्याहून पातळ असायला हवी होती. बोटांना ते आधीच कळत होतं, डोक्याने ऐकलं नाही.

आता ही ६११ भाजलेल्या भांड्याची माती. माझ्या ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारून भाजली तर ती ८.८ सेंमी उरते. लांबी ०.८८ पट होते, तर घनफळ ०.८८ चा घन, म्हणजे साधारण ०.६८ पट. म्हणून ६११ ला ०.६८ ने भागायचं: ओली माती सुमारे ९०० घन सेंमी. ५ सेंमीचा ओला घन कापून वजन केलं तर २३७ ग्रॅम भरला, म्हणजे घन सेंमीला १.९ ग्रॅम. झाले १.७ किलो. तळ तासताना आणि चाकावरच्या चिखलात जाते ती २०० ग्रॅम वर धरून १.९ किलोचा गोळा घेतला आणि चाकावर उंची २७.३ सेंमीपर्यंत नेली, कारण आकसून तिला २४ वर यायचं होतं.

भट्टीतून निघाली तेव्हा उंची जुळली, आत पाणी मावलं २३९० मिली. तीस कमी, कारण तळाशी भिंत जरा जाड राहिली होती.